रस्त्याचं मोजमाप मागताना: माहिती अधिकाराचा पहिला अर्ज, नकार आणि अपील

आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि पहिल्याच पावसात कडेची खडी उघडी पडली. शेजारच्या काकांनी नगरपरिषदेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. अर्जात त्यांनी विचारलं होतं : ‘रस्त्याचे काम निकृष्ट का झाले, याला जबाबदार कोण आणि ठेकेदारावर अद्याप कारवाई का केली नाही, याची माहिती द्यावी.’ अठ्ठाविसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं : ‘मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’

काका चिडले, आणि ते साहजिक होतं. पण ते उत्तर कायद्याच्या चौकटीत बसणारं होतं. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मध्ये ‘माहिती’ म्हणजे कार्यालयाकडे आधीच असलेली नोंद : कागद, फाईल, आदेश, अहवाल, नमुना, संगणकातला मजकूर. ‘असं का केलं?’ याचं कारण कुठल्या कागदावर लिहिलेलं असेल तर तो कागद मिळतो. लिहिलेलं नसेल तर अधिकाऱ्यानं ते नव्यानं लिहून द्यावं, असं बंधन नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात हेच सांगितलं. अस्तित्वात नसलेली माहिती तयार करून देण्याची जबाबदारी कार्यालयावर नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात म्हटलं.

त्यामुळे पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो : ‘का’ विचारू नका, कागद मागा. आणि कागद मागायचा तर त्याचं नाव माहीत हवं.

आधी कागदांची साखळी समजून घ्या

सार्वजनिक पैशातून झालेलं कुठलंही बांधकाम कागदांची एक माळ मागे ठेवतं. आधी अंदाजपत्रक होतं. त्यात रस्ता किती लांब, किती रुंद, काँक्रीट किती जाडीचं, हे सगळं असतं. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश. काम चालू असताना मोजमाप पुस्तिका भरली जाते. तिच्या आधारावर देयक, म्हणजे बिल निघतं. सोबत काँक्रीटच्या चाचणीचे अहवाल असायला हवेत आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला.

यातला जीव मोजमाप पुस्तिकेत आहे. कार्यालयात तिला सगळे ‘एमबी’ म्हणतात. अभियंत्यानं जागेवर जाऊन फीत लावायची आणि लांबी, रुंदी, जाडी तिच्यात लिहायची, अशी पद्धत आहे. ठेकेदाराला पैसे मिळतात ते रस्ता कसा दिसतो यावर नाही, एमबीतल्या आकड्यावर. म्हणून ‘काम निकृष्ट झालं का’ या प्रश्नापेक्षा ‘एमबीत काय लिहिलंय’ हा प्रश्न कितीतरी धारदार आहे. पहिल्या प्रश्नावर मतं निघतात. दुसऱ्यावर आकडा निघतो, आणि तो फीत घेऊन तुम्हाला स्वतः पडताळता येतो.

अर्ज टाकण्याआधी आणखी एक करून पाहा. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारनं जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असं कळवलं होतं. अनेक ठिकाणी ‘असं काही नसतं’ हेच ऐकायला मिळतं. तरी विचारा. फाईल एकदा डोळ्याखालून गेली की कागदांची नावं, तारखा आणि पानं कळतात आणि मग अर्ज नेमका लिहिता येतो.

अर्ज असा लिहा

महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात करतात. शुल्क दहा रुपये. कोर्ट फी स्टॅम्प अर्जावर चिकटवला की झालं. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट आहे. काउंटरवर कुणी कारण विचारलं तर हे कलम सांगा आणि शांत राहा.

२०१२ पासून राज्याच्या नियमांत दोन अटी आल्या : अर्ज एकाच विषयाचा हवा आणि साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत हवा. रस्ता, गटार आणि पाणीपट्टी एकाच अर्जात घातलीत तर पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करा म्हणून सांगितलं जातं. मला ही अट जाचक वाटते, पण अर्ज आखूड ठेवला की अधिकाऱ्याला निसटायला जागाही कमी उरते, हेही खरं.

काकांचा दुसरा अर्ज आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून लिहिला. विषय आणि कालावधी टाकल्यावर मागणी एवढीच होती :

‘प्रभाग क्र. ___ मधील ___ ते ___ या सिमेंट काँक्रीट रस्त्याच्या कामाबाबत पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात : १) मंजूर अंदाजपत्रक २) कार्यारंभ आदेश ३) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची सर्व पाने ४) अदा केलेली देयके ५) काँक्रीट चाचणी अहवाल. काही मजकूर देण्यायोग्य नसल्यास कलम १० प्रमाणे तेवढा भाग वगळून उर्वरित माहिती द्यावी. हे काम सार्वजनिक निधीतून झालेले असून झालेल्या खर्चाची पडताळणी होणे सार्वजनिक हिताचे आहे (कलम ८(२)).’

शेवटची दोन वाक्यं आम्ही मुद्दाम घातली. ती का, ते पुढे येईलच.

‘आजपर्यंतची संपूर्ण माहिती’ असं कधीच लिहू नका. काम ओळखता येईल एवढा तपशील द्या : रस्त्याची सुरुवात आणि शेवट, वर्ष, फलकावर लिहिलेलं कामाचं नाव. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचा फलक होता. त्यावरून कामाचं नाव जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्यामुळे ‘अर्जाचा अर्थबोध होत नाही’ हे ठरावीक उत्तर द्यायला वाव राहिला नाही.

अर्ज स्वतः नेऊन द्यायचा असेल तर दोन प्रती न्या. आवक-जावकच्या टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पुढचे सगळे दिवस त्या शिक्क्यापासून मोजले जातात. अर्ज घ्यायलाच टाळाटाळ झाली तर पोचपावतीसह टपालानं पाठवा. rtionline.maharashtra.gov.in वर ऑनलाइन अर्जही करता येतो. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय नागरिकत्व असलेल्या मंडळींना तोच सोयीचा. मात्र तुमचं कार्यालय तिथल्या यादीत आहे का, हे आधी पाहा. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी तो वाया जात नाही. कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो.

पत्त्याबद्दल थोडं गंभीरपणे सांगायला हवं. तळेगाव दाभाडे इथले सतीश शेट्टी माहिती अधिकार वापरून जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी त्यांची हत्या झाली. वाळू, जमीन किंवा मोठ्या ठेक्यांविषयी माहिती मागत असाल तर एकट्याच्या नावावर अर्ज टाकू नका, तीन-चार जणांनी वेगवेगळे टाका. कायद्याला संपर्कापुरता पत्ता पुरतो. कोलकाता उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये टपालपेटी क्रमांकही चालेल, असं म्हटलं आहे.

तीस दिवसांनंतर

उत्तरासाठी मुदत तीस दिवसांची. कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. कधीकधी मुदत संपायच्या आत पत्र येतं : ‘३८ पाने, प्रतिपान २ रुपये, एकूण ७६ रुपये भरावेत.’ पैसे लगेच भरा, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तीसमध्ये धरत नाहीत. मुदत उलटून गेल्यावर पैशांचं पत्र आलं तर मात्र कलम ७(६) दाखवा. उशीर झाला की माहिती मोफत द्यावी लागते.

काकांचा अर्ज ५ ऑगस्टला आवक झाला. १ सप्टेंबरचं पत्र आलं ते नकाराचं : ‘सदर माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित व वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(जे) नुसार देता येत नाही.’

नवखा माणूस इथेच थांबतो. कलमाचा आकडा पाहिला की विषय संपला असं वाटतं. पण नकाराचं पत्र म्हणजे अधिकाऱ्यानं स्वतः लिहून दिलेला कागद असतो आणि अपील त्याच्यावरच उभं राहतं. नकार द्यायचा तर कलम ७(८) प्रमाणे कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील द्यावा लागतो. आणि माहिती नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे अधिकाऱ्याची आहे, तुमची नाही.

नेहमीची कारणं आणि ती कुठवर टिकतात

आठव्या कलमातलं ‘जे’ सध्या सगळ्यात जास्त वापरात आहे. पूर्वी या पोटकलमात वजन करून पाहायची सोय होती. माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा ती दिल्यानं खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल, तरच ती अडवता यायची. तेव्हाही व्यापक सार्वजनिक हितासाठी ती खुली करता यायची. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं वाक्यही तिथे होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं हे सगळं काढलं. ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. आता तिथे उरलंय ते ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढंच. माझ्या मते या कायद्याला आजवर बसलेला हा सगळ्यात मोठा धक्का आहे, कारण सरकारी कागदावर कुणाचं ना कुणाचं नाव असतंच.

पण दार पूर्ण बंद झालेलं नाही. कलम ८(२) शाबूत आहे. माहिती उघड करण्यातलं सार्वजनिक हित होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल तर ती देता येते. कलम १० सुद्धा आहे. बिलावर ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक असेल तर तेवढाच काळा करा आणि बाकीचं बिल द्या. म्हणून ती दोन वाक्यं अर्जातच घातली होती. सार्वजनिक हिताचा मुद्दा पुढे अपिलात आणता येतोच, पण पहिल्या कागदावर असला की ‘अर्जदाराने तसे म्हटलेच नव्हते’ असं कुणी म्हणू शकत नाही. शिवाय अनुदानाचे लाभार्थी, कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन, दिलेले परवाने यांचा तपशील कलम ४ प्रमाणे कार्यालयानं कुणी न मागता जाहीर करायचा आहे. तसली माहिती मागत असाल तर त्याच कलमाचा हवाला द्या.

‘त्रयस्थ पक्ष’ हे उत्तर बहुतेक वेळा अर्धवट असतं. ठेकेदारानं गोपनीय मानलेली माहिती द्यायची असेल तर कलम ११ प्रमाणे त्याला पाच दिवसांत नोटीस द्यायची असते. त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस मिळतात, आणि मग निर्णय अधिकाऱ्यानं घ्यायचा. ठेकेदार नको म्हणाला म्हणून माहिती आपोआप अडत नाही. अपिलात एवढंच विचारा : नोटीस कोणत्या तारखेला दिली, त्याची प्रत कुठे आहे? आमच्या प्रकरणात नोटीस दिलीच नव्हती.

‘चौकशी सुरू आहे’ हे कारण ८(१)(एच) खाली येतं. माहिती दिल्यानं चौकशीत अडथळा कसा येईल, हे अधिकाऱ्याला सांगावं लागतं. चौकशी नुसती चालू असणं पुरेसं नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात स्पष्ट केलं. पोलिसांचा तपास खरोखर नाजूक टप्प्यावर असेल तर हे कारण टिकतं, आणि टिकावंही. विभागीय चौकशी तीन वर्षं कपाटात पडून असेल तर टिकू नये.

‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ यामागे कलम ७(९) असतं. ते कलम फक्त स्वरूप बदलायची मुभा देतं, नकार द्यायची नाही. मागितलेल्या स्वरूपात माहिती देणं फार खर्चाचं होत असेल तर दुसऱ्या स्वरूपात द्यायची, म्हणजे बहुतेक वेळा फाईल पाहू द्यायची. असं पत्र आलं तर जरूर जा. पहिला तास शुल्क नसतं. सोबत एकाला न्या. हव्या त्या पानांवर कागदाच्या चिठ्ठ्या लावा, पान क्रमांकांची यादी करा, तिच्यावर कर्मचाऱ्याची सही घ्या आणि तेवढ्याच प्रतींचे पैसे भरा. फाईलवरच्या पान क्रमांकांकडे नीट बघा. ४१ नंतर एकदम ४४ आलं तर तेही यादीत लिहा.

आणि मग येतं ‘अभिलेख आढळून येत नाही’. वाद घालायला हे सगळ्यात अवघड उत्तर, कारण कायदा नसलेला कागद देऊ शकत नाही. पण असायला हवा होता तो कागद कुठे गेला, हे विचारता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात म्हटलं की अशा वेळी कसून शोध घ्यायला लावता येतो, चौकशी करून जबाबदारीही निश्चित करता येते. राज्यात सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे आणि अभिलेख बेकायदा नष्ट करणं हा त्यात गुन्हा आहे. अपिलात मागणी अशी ठेवा : शोध कुठे घेतला, कोणी घेतला, याचं लेखी निवेदन द्यावं आणि अभिलेख गहाळ असल्यास जबाबदारी निश्चित करावी. ‘गहाळ’ हा शब्द सहीनिशी लिहायची वेळ आली की सापडत नसलेल्या फायली सापडल्याचं मी पाहिलं आहे.

पहिलं अपील

नकार हाती पडल्यापासून तीस दिवसांत, किंवा उत्तरच आलं नसेल तर मुदत संपल्यापासून तीस दिवसांत, ‘जोडपत्र ब’ मध्ये अपील करा. वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जातं. निर्णय तीस दिवसांत, कारण लेखी नोंदवलं तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत व्हायला हवा. दंड करायचा अधिकार या अधिकाऱ्याला नाही. तरी ही पायरी हलक्यात घेऊ नका. बरीच प्रकरणं इथेच सुटतात, कारण हाताखालच्या माणसानं लिहिलेला गुळगुळीत नकार वरिष्ठाला आपल्या सहीनं पुढे रेटायचा नसतो.

काकांची सुनावणी ९ ऑक्टोबरला झाली, जेमतेम दहा मिनिटं. काकांनी एकच कागद वाचून दाखवला : ‘मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. यातील कोणती नोंद वैयक्तिक आहे, ते आदेशात लिहावे.’ माहिती अधिकाऱ्यांकडे त्याचं उत्तर नव्हतं. खाते क्रमांक झाकून पहिले चार कागद द्यावेत, असा आदेश झाला. चाचणी अहवालांच्या रकान्यात मात्र ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं लिहून आलं.

एमबीत नोंद होती : लांबी १२० मीटर, रुंदी ४.००, जाडी ०.१५, म्हणजे ७२ घनमीटर काँक्रीट. आम्ही पाच ठिकाणी फीत लावली. रुंदी सरासरी ३.४० भरली. जाडी तेवढीच धरली तरी काँक्रीट ६१.२ घनमीटर होतं. १०.८ घनमीटरचा, म्हणजे पंधरा टक्क्यांचा फरक. एमबीच्या साक्षांकित प्रतीसह मुख्याधिकारी आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे तक्रार गेली. फेरमोजणीला अभियंते आले तेव्हा अर्धी गल्ली रस्त्यावर उभी होती. कमी भरलेल्या कामाची रक्कम ठेकेदाराच्या अनामतीतून वळती झाली.

लक्षात घ्या, ही रक्कम माहिती अधिकारानं वसूल केली नाही. त्यानं फक्त कागद दिला. तक्रार वेगळी करावी लागली आणि तिचा पाठपुरावाही वेगळा.

दुसरं अपील आणि तिथली रांग

पहिल्या अपिलानं भागलं नाही तर नव्वद दिवसांत ‘जोडपत्र क’ मध्ये राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. आयोगाची खंडपीठं विभागवार आहेत. आयोग माहिती द्यायचा आदेश देऊ शकतो आणि माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. इथे एक चूक खूप जण करतात : कलम १९ चं अपील करण्याऐवजी कलम १८ ची तक्रार करतात. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सांगितलं की तक्रारीवर दंड होऊ शकतो, पण माहिती देण्याचा आदेश मिळत नाही. कागद हवा असेल तर अपीलच करा.

खरी अडचण रांगेची आहे. सतर्क नागरिक संघटनेच्या २०२३ आणि २०२४ च्या अहवालांत महाराष्ट्रातली प्रलंबित अपिलं आणि तक्रारी एक लाखाच्या वर होत्या. निकाल यायला वर्षानुवर्षं जातात आणि तोवर रस्त्याचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे दोष निघाल्यास ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत, संपून जातो. हे कार्यालयांनाही ठाऊक असतं. म्हणून दुसरं अपील दाखल करून वाट पाहत बसू नका. तोच कागद दुसऱ्या दारानं मागा. चाचणी अहवाल नगरपरिषदेत सापडत नसेल तर चाचणी सरकारी प्रयोगशाळेत झाली होती का ते पाहा आणि झाली असेल तर तिथे अर्ज करा. कलम २(जे) प्रमाणे बांधकामाच्या साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात, हे फार थोड्यांना माहीत आहे.

काकांचं दुसरं अपील अजून आयोगात पडून आहे. मधल्या काळात त्यांनी रस्त्याच्या काँक्रीटच्या प्रमाणित नमुन्यासाठी नवा अर्ज दिला. त्यावर आवकचा शिक्का मागच्या सोमवारी पडला.